रील व्हायरल करून देण्याची गॅरंटी : ८५ हजार रुपये द्यावेत का?

बेदाणेवाली_निफाड
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपासून थोडा माल विकायच्या ऐवजी शेडवर वाळवून बेदाणा करतो आणि अर्धा किलोची पाकिटं नाशकात घरपोच देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर २८० गिऱ्हाईकं आहेत, सगळी ओळखीतून ओळखीत मिळालेली. आता दिराने एक एजन्सी आणलीय. ते म्हणतात तीन रील आणि एक गनिमी स्टाइलचा स्टंट (शहरात कुठेतरी द्राक्षाचा मोठा घड लटकवायचा वगैरे), ८५ हजार, आणि "व्हायरल करून देण्याची गॅरंटी". दीर म्हणतो एकदा व्हायरल झालं की माल पुरणार नाही. नवरा म्हणतो ८५ हजारांत ठिबकच्या नळ्या बदलून होतील. मी मध्ये अडकलेय. व्हायरल होणं असं ठरवून करता येतं का? कोणी केलंय का? खरं खरं सांगा.

पुणेकर_बिचारा
गॅरंटी कागदावर लिहून मागा. पुढचा प्रश्न आपोआप सुटेल.

काकू_सिडको
बेदाणा किलोला कसा देता? हिरवा की पिवळा? सिडकोत पोच आहे का?

रीलवाला_रोहित
ताई ८५ जास्त आहेत पण कल्पना चुकीची नाही. मी स्वतः नाशिकच्या तीन-चार फूड पेजेससाठी शूट करतो. सिक्रेट काही नाही, पहिल्या दोन सेकंदांत हुक पाहिजे, ट्रेंडिंग ऑडिओ पाहिजे आणि एखादा लाखभर फॉलोअरवाला इन्फ्लुएन्सर धरायचा. तो टाकतो, त्याचे फॉलोअर शेअर करतात, त्यांचे मित्र शेअर करतात, साखळी सुरू. मिसळवाल्यांचं असंच झालं ना. घड लटकवण्यापेक्षा हे करा, २०-२५ हजारांत होईल.

गडप्रेमी_बागलाण
गनिमी स्टाइल म्हणजे काय हो? घड लटकवणं हा गनिमी कावा कधीपासून झाला :) आणि नाशिककरांनो जाता जाता लक्षात असू द्या, आपल्याच जिल्ह्यात साल्हेरला १६७२ मध्ये मराठ्यांनी मुघलांना गनिमी काव्याने नाही, उघड्या मैदानात समोरासमोर हरवलं होतं. सगळंच लपूनछपून जिंकायचं नसतं. अवांतराबद्दल सॉरी.

पुणेकर_बिचारा
@गडप्रेमी, म्हणजे ताईंनी साल्हेरला स्टॉल लावायचा का? (दिवे घ्या)

सातपूरचा_मेकॅनिक
मी केलंय. व्हायरल झालेलो आहे. सांगतो, जरा मोठं आहे.

माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, मुख्य काम शॉकपचं, ऑइल सील, फोर्क वगैरे. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमच्या वळणावर एवढा खड्डा पडला की पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडायची. एका रविवारी उघडीप होती. मी आणि माझा पोरगा पहाटे पाचला उठलो, खड्ड्यातलं पाणी डब्याने काढलं, पोतं टाकून कोरडं केलं आणि खड्ड्याभोवती मस्त ठिपक्यांची रांगोळी काढली. दोन किलो रांगोळी, चार रंग, १८० रुपये. बाजूला दोन विटांवर पुठ्ठ्याची पाटी ठेवली: "हळू चालवा. उशीर झाला असेल तर पुढे डावीकडे शॉकप दुरुस्ती."

नऊ वाजता कॉलेजच्या एका पोराने फोटो काढला. दुपारपर्यंत शहराच्या दोन पेजवर, संध्याकाळी माझ्या मेव्हण्याने मालेगावहून मलाच पाठवला की बघ तुमच्या नाशकात काय चाललंय. दुसऱ्या दिवशी पेपरात. तिसऱ्या दिवशी एका पक्षाचे कार्यकर्ते आले आणि रांगोळीशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. चौथ्या दिवशी खड्डा बुजला.

आणि गंमत ऐका भो. जो फोटो फिरला त्यात माझी पाटीच नव्हती. त्या पोराने फ्रेम रांगोळीवर धरलेली, विटा बाहेर. सगळ्या शहराने रांगोळी बघितली, गॅरेज कुणालाच माहीत नाही. माझ्याकडे कामाची डायरी असते. आठवड्याला शॉकपची पाच-सहा कामं येतात, त्या आठवड्यात नऊ आली. त्यातले चार जण म्हणाले रांगोळी बघून आलो, आणि चौघंही रोज त्याच रस्त्याने जाणारे, म्हणजे त्यांनी फोटो नाही, खरी रांगोळी आणि पाटी बघितलेली. फोटोवरून एकही नाही.

काकू_सिडको
हहपुवा. पण भाऊ, ओल्या रस्त्यावर रांगोळीवरून कुणाची गाडी घसरली असती म्हणजे? आणि पहाटे पाचला पोराला घेऊन रस्त्यात बसायचं? बायको काही बोलली नाही?

सातपूरचा_मेकॅनिक
बोलली. रांगोळी तिचीच होती.

रीलवाला_रोहित
दादा इथेच चूक झाली. ब्रँडिंग फ्रेमच्या आत पाहिजे होतं. गॅरेजचं नाव रांगोळीतच काढायचं, म्हणजे कुणी कापूच शकत नाही. बेसिक आहे.

आकडेमोड
रोहित, एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. मी बारा-तेरा वर्षं एका मोठ्या कंपनीत हेच मोजायचं काम केलं, आता नाशकात परत येऊन दुसरंच काहीतरी करतो, त्यामुळे जरा लांब लिहितो.

मेकॅनिकभाऊंचा फोटो लोकांनी का पुढे पाठवला? गॅरेज चांगलं म्हणून नाही. प्रत्येकाला खड्ड्यावर काहीतरी बोलायचं होतं, आणि हा फोटो त्यांच्या वतीने बोलत होता, तेही हसत हसत. पाठवणारा स्वतःचं म्हणणं पाठवत होता. त्यात गॅरेजचं नाव मोठ्ठं असतं तर तीच गोष्ट जाहिरात झाली असती, आणि दुसऱ्याची जाहिरात फुकट वाटायला कुणाला आवडतं? नाव बाहेर राहिलं म्हणून फोटो पळाला असंही असू शकतं. नाव आत असतं तर कदाचित पळालाच नसता. खरा पेच हा आहे, जे पसरतं ते तुमचं नसतं आणि जे तुमचं असतं ते पसरत नाही.

यातून सुटलेली उदाहरणं आहेत, पण त्यात जाहिरात वस्तूच्या पोटातच होती. १९९६ ला हॉटमेल आलं तेव्हा प्रत्येक मेलच्या खाली एक ओळ आपोआप जायची, तुम्हीही फुकट मेल घ्या अशा अर्थाची. वापरणाऱ्याला वेगळं काही करायचंच नव्हतं, मेल लिहिली की प्रचार झाला. दीडेक वर्षात एक कोटीच्या घरात लोक आले आणि १९९७ संपता संपता मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. पण बघा, तिथे मेल पाठवणं हाच धंदा होता. बेदाणा खाताना माणूस कुणाला काही पाठवत नाही.

सातपूरचा_मेकॅनिक
@रोहित, तुझं म्हणणं मीही केलं होतं. सप्टेंबरमध्ये पुढच्या चौकात दुसरा खड्डा, परत रांगोळी, या वेळी मधोमध गॅरेजचं नाव आणि मोबाइल नंबर. कुत्रंही फिरकलं नाही. खोटं कशाला बोलू, एक कुत्रं येऊन त्यावर झोपलं. फोटो फक्त माझ्या पोराने काढला.

आता ते नावामुळे पडलं की दुसऱ्यांदा केलं म्हणून पडलं, ते मला अजून कळलेलं नाही.

गोदाकाठचा
दुसऱ्यांदा केलं म्हणून. तोपर्यंत प्रत्येक वॉर्डात कुणी खड्ड्यात झाड लावत होतं, कुणी होडी सोडत होतं, कुणी केक कापत होतं. लोक कंटाळले.

आकडेमोड
एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, त्यामुळे आता कळणारही नाही.

बाकी दुसऱ्यांदा न चालणं हा नेहमीचा अनुभव आहे. २०१४ चं बर्फाच्या बादलीचं आठवतं का? अमेरिकेत एएलएस नावाच्या आजारासाठी लोक डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचे आणि तिघांची नावं घ्यायचे की आता चोवीस तासांत तुम्ही करा नाहीतर पैसे द्या. त्या उन्हाळ्यात तिथल्या एएलएस असोसिएशनकडे साडेअकरा कोटी डॉलर जमले. ही कल्पना त्या संस्थेने काढलेली नव्हती, आधी लोक वेगवेगळ्या संस्थांसाठी हा खेळ करत होते, तो फिरत फिरत या आजाराला येऊन चिकटला. पुढच्या वर्षी संस्थेने रीतसर ठरवून पुन्हा केलं, तर जमलेली रक्कम पहिल्या वर्षीच्या पासंगालाही पुरली नाही. तोच आजार, तीच बादली, तेच पाणी.

नवी_सून_गंगापूररोड
आपल्याकडे पाण्याची टंचाई म्हणून तांदळाची बादली काढली होती ना कुणीतरी? हैदराबादच्या पत्रकार बाई होत्या. गरजूला बादलीभर तांदूळ द्यायचा आणि फोटो टाकायचा. मला ते जास्त आवडलं होतं.

पुणेकर_बिचारा
ठरवून व्हायरल न झालेल्याचं उदाहरण आमच्याकडचं. २०१८ ला पिंपरी-चिंचवडमध्ये एका मुलाने मैत्रिणीची माफी मागायला तिच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर शेकडो बॅनर लावले. प्रेक्षक एकच अपेक्षित होता. बघितलं अख्ख्या देशाने. पोलीस शोधत आले ते वेगळंच.

वकीलसाहेब_शालिमार
ते वेगळं नाही, तेच महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे. खांब, भिंत, झाड, कुठेही परवानगीशिवाय काही चिकटवलं किंवा लटकवलं की गुन्हा, दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. घड लटकवायचा तर परवानगी कुणाच्या नावाने घेणार हे एजन्सीला आधी विचारा. बहुतेक वेळा स्टंट एजन्सीचा असतो आणि नोटीस बॅनरवर ज्याचं नाव छापलंय त्याला येते.

गोदाकाठचा
आणि सिंहस्थाच्या बंदोबस्ताच्या दिवसांत तर शहरात कुठे काही अनोळखी लटकवूच नका. आधी बॉम्बशोधक पथक येईल, मग गिऱ्हाईक.

आकडेमोड
गोदाकाठचा, हे तुम्ही गमतीत म्हणालात पण झालेलं आहे. जानेवारी २००७, अमेरिका. एका कार्टून मालिकेच्या जाहिरातीसाठी दहा शहरांत पुलाखाली, खांबावर दिव्यांचे छोटे फलक लावले होते. बॅटरी, वायर, काळी टेप. नऊ शहरांत काही झालं नाही. बॉस्टनमध्ये कुणाला तरी तो बॉम्ब वाटला. रस्ते, पूल बंद, दिवसभर शहर ठप्प. कंपन्यांनी वीस लाख डॉलर भरले आणि चॅनेलच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला.

माझ्या दृष्टीने यात बघण्यासारखं हे की फलक दहाही शहरांत तेच होते. म्हणजे काय लावलं यावरून काय होणार ते कळत नव्हतं. २००६ मध्ये डंकन वॉट्स या समाजशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी हेच गाण्यांवर तपासलं. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि चौदा हजारांवर लोक. लोकांना आठ वेगळ्या गटांत टाकलं, प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालं ते दिसायचं. सगळे गट शून्यापासून सुरू. एकच गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं! फारच चांगली गाणी सहसा पडली नाहीत, फारच टाकाऊ सहसा वर गेली नाहीत, पण मधल्यांचं काहीही झालं. सुरुवातीला चार जणांनी जे उचललं तेच पुढच्यांनी उचललं.

आता एजन्सी गॅरंटी देते म्हणजे कुठल्या गटाची देते?

रीलवाला_रोहित
मग काय घरी बसायचं? तुम्ही मोठ्या कंपनीवाले असंच बोलता. माझ्या डोळ्यासमोर रील चाललेत हो. आणि इन्फ्लुएन्सरने फरक पडतो, हे आकडे सांगतात.

आकडेमोड
फरक पडतो, तिथे तुझं बरोबर आहे. फक्त साखळीचं जे चित्र तू काढलंस तसं ते होत नाही. २०१६ मध्ये ट्विटरवरच्या शंभर कोटी गोष्टी तपासणारा एक अभ्यास आला. बहुतेक गोष्टी एका पायरीच्या पुढे जातच नाहीत. ज्या खूप पसरल्यासारख्या दिसतात त्यातल्याही बऱ्याच एखाद्या मोठ्या खात्यावरून थेट लोकांपर्यंत जातात, मित्राकडून मित्राकडे अशी लांब साखळी क्वचित. म्हणजे लाखभर फॉलोअरवाला तुला भोंगा देतो. भोंगा लावणं चुकीचं नाही, पण भोंग्याचे पैसे द्यावेत, वणव्याचे देऊ नयेत.

नवी_सून_गंगापूररोड
भोंगा आणि वणवा, वा! पण दादा, मग शेजारणीने सांगितलं म्हणून आपण घेतो ते काय? ताईंची २८० गिऱ्हाईकं तशीच आलीत की.

आकडेमोड
बरोबर धरलंत, ताईंसाठी उत्तर तिथेच आहे.

समजा शंभर गिऱ्हाईकांमुळे नवी वीस आली. त्या विसांमुळे चार, त्या चारांमुळे एखादा. साखळी विझली, एकूण शंभराचे सव्वाशे झाले. शंभरामुळे पन्नास आली असती तर पुढे पंचवीस, मग बारा-तेरा असं होत एकूण दोनशेवर थांबलं असतं. आणि शंभरामुळे शंभराहून जास्त आली तरच ते थांबत नाही, त्याला व्हायरल म्हणायचं. तिथे पोचणं जवळजवळ कुणालाच ठरवून जमत नाही, पण त्याच्या खाली राहूनही वाढ होते. वॉट्सनेच २००७ मध्ये जोना पेरेटीबरोबर हे मांडलं होतं (पेरेटी म्हणजे बझफीडवाला): ठिणगीची वाट बघू नका, बियाणं जास्त पेरा आणि प्रत्येकाला पुढे देणं सोपं करा. त्यांच्याकडच्या एका मदतनिधीच्या मोहिमेत सात हजारांपासून सुरुवात होऊन तीस हजारांवर लोक झाले, आणि ती मोहीमही व्हायरल नव्हती, विझत जाणारीच होती.

दुसरं म्हणजे वेळ. हॉटमेलवाला दिवसाला पाच मेल पाठवायचा, म्हणून साखळीच्या पिढ्या भराभर पुढे सरकल्या. अर्धा किलो बेदाणा घरात महिना-दीड महिना पुरतो. म्हणजे तुमची एक पिढी दीड महिन्याची. तीन पिढ्या व्हायला हंगाम गेला. हे मोबाइलवर दोन दिवसांत होत नाही.

भाचा_व्हॉट्सअ‍ॅप_युनिव्हर्सिटी
व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करा की ताई सगळ्या ग्रुपला, फुकट आहे.

आकडेमोड
तिथेही खिळ घातलेली आहे. २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होतं, आणि २०२० पासून जो मेसेज बऱ्याच हातांतून आलाय, ज्याच्यावर दोन बाण दिसतात, तो एका वेळी एकाच ठिकाणी. अफवा रोखायला केलं, पण सगळ्याच साखळ्या आखडल्या. शिवाय दोन बाण दिसले की लोक न वाचताच पुढे जातात. स्वतः टाइप केलेल्या "अगं हे घेऊन बघ" ला जास्त किंमत आहे.

बेदाणेवाली_निफाड
बापरे, एवढं सगळं. दोनदा वाचलं. मला एवढं कळलं की लोकांना पुढे देणं सोपं करायचं. पण बेदाणा पुढे द्यायचा म्हणजे कसा?

काकू_सिडको
अगं सोप्पंय. मोठ्या पाकिटाबरोबर एक छोटं पाकीट द्यायचं, शेजारी द्यायला. आमच्याकडे दिवाळीचा फराळ देतात तसं. वाटी रिकामी परत पाठवायची नसते, म्हणजे तिकडून काहीतरी येतंच. किलोला कसा ते अजून सांगितलं नाहीस.

आकडेमोड
काकूंना माझ्या जुन्या ऑफिसात घ्यायला पाहिजे होतं. ताई, हेच करा, फक्त मोजता येईल असं करा. छोट्या पाकिटावर हिरवं कार्ड. हिरव्या कार्डाचा फोटो पाठवून जो ऑर्डर देईल त्याच्या पार्सलमध्ये जे छोटं पाकीट जाईल त्यावर पिवळं कार्ड. पिवळी किती परत आली त्यावरून दुसरी पिढी कळेल. कॉम्प्युटर नको, दोन रंगांचा कागद पुरे.

वकीलसाहेब_शालिमार
छोट्या पाकिटावरही अन्न परवान्याचा नंबर, वजन, पॅकिंगची तारीख छापा. फुकट दिलं म्हणून सुटका नाही.

गोदाकाठचा
आणि एजन्सीला काय सांगायचं?

रीलवाला_रोहित
ते मी सांगतो, मी या बाजूचा आहे त्यामुळे. आधी केलेल्या कामाचे स्क्रीनशॉट दाखवतील, त्यात फक्त व्ह्यूज बघू नका. फोनवर त्या रीलचे इनसाइट्स समोर उघडायला लावा. पैसे लावून किती दाखवलं आणि आपोआप किती गेलं ते तिथे वेगळं दिसतं. किती जणांनी पुढे पाठवलं ते बघा. आणि शहरं बघा. माल नाशकात विकायचा आणि बघणारे भलत्याच राज्यातले असतील तर काय उपयोग. कमेंट नुसत्या हार्टच्या असतील तर समजून जा. इनसाइट्स दाखवायला टाळाटाळ केली तर उठून या. (माझा रेट २० च आहे हां, आणि मी गॅरंटी देत नाही.)

पुणेकर_बिचारा
रोहितबद्दल आदर दुणावला. वाचनखूण साठवली.

गडप्रेमी_बागलाण
मला अजूनही वाटतं की साल्हेरला स्टॉल चालेल. पावसाळ्यात शनिवार-रविवारी काय गर्दी असते. चढताना बेदाण्यासारखं दुसरं काही नाही.

बेदाणेवाली_निफाड
(अडीच-तीन महिन्यांनी धागा वर काढतेय, राग मानू नका.)

एजन्सीला इनसाइट्स मागितले. म्हणाले क्लायंटचा डेटा आहे, दाखवता येत नाही. दीर थोडा फुगून बसला पण ते तिथेच संपलं. ठिबकच्या नळ्या बदलल्या.

काकूंचं छोटं पाकीट केलं. २५ ग्रॅम, पाऊच, कार्ड, मजुरी धरून एकाला ११ रुपये पडले. २८० हिरवी गेली, ४१ नवी गिऱ्हाईकं आली. त्या ४१ जणांकडे पिवळी गेली, त्यातून ६ आली. म्हणजे एकूण ३२१ छोटी पाकिटं, साडेतीन हजार खर्च, ४७ गिऱ्हाईकं. एकामागे ७५ रुपये. अर्ध्या किलोला आम्हाला सुटतात ७० च्या आसपास, त्यामुळे पहिल्या ऑर्डरला पाच रुपये तोटाच आहे. दुसरी ऑर्डर दिली तर फायदा. आत्तापर्यंत ४७ पैकी १९ जणांनी दुसऱ्यांदा घेतलंय.

पण एक गोष्ट कुणाच्या डोक्यात नव्हती. हिरवी कार्डं एवढी कमी का आली म्हणून मी वीस-बावीस जणींना फोन केला. निम्म्याजणींनी ते छोटं पाकीट शेजारी दिलंच नव्हतं! मुलांच्या डब्यात टाकलं, पर्समध्ये ठेवलं, गाडीत ठेवलं. आणि उलट मलाच विचारायला लागल्या की हे छोटं विकत मिळेल का. आता २० रुपयांना विकतेय, महिन्याला चारशेच्या वर जातात, आणि त्यात किलोमागे मोठ्या पाकिटापेक्षा जास्त सुटतं.

आकडेमोड
२८० चे ४१ आणि ४१ चे ६, दोन्ही वेळा शंभरामागे चौदा-पंधरा. अगदी विझणारी साखळी आहे, तरी ४७ घरं वाढली. ती छोटी पाकिटं विकत घेणाऱ्यांकडून कुणी नवीन येतंय का, ते मोजताय का?

बेदाणेवाली_निफाड
नाही हो, त्याला कार्डच नाही लावलं. लाल लावते.

नवी_सून_गंगापूररोड
मला वाटतं आता ती मुलांच्या डब्यातूनच पसरतील. माझा मुलगा रोज दुसऱ्याच्या डब्यात काय होतं ते सांगत येतो.

गोदाकाठचा
किंवा नाही पसरणार. पोरांना पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी लागेल.

काकू_सिडको
मी पाच पाकिटं घेतली, एकही शेजारी दिलं नाही. खरं सांगते. हिरवा बेदाणा छान आहे, पण भाव मला नंतर फोनवरच कळला.

गडप्रेमी_बागलाण
साल्हेर?

बेदाणेवाली_निफाड
या पावसाळ्यात दीर जाणार आहे स्टॉल घेऊन. घड लटकवणार नाही असं वचन घेतलंय.

सातपूरचा_मेकॅनिक
तो पहिला खड्डा परत पडलाय, त्याच जागी. घरात अर्धा किलो रांगोळी शिल्लक आहे. पाटी ठेवू की नको?

पुणेकर_बिचारा
एका वेळी एकच गोष्ट बदला.